संध्याकाळी म्हणजे कुठे, सर?

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचला. मोबाईलवर बोटानं एवढं लिहिणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. नंतर नातीकडून टाईप करून घेईन.

तू तीन गोष्टी विचारल्यास आणि त्या वेगवेगळ्या आहेत असं तुला वाटतंय. पहिली, संस्थेच्या संचालकांचे मेहुणे घरी येऊन गेले. त्यांच्या मुलासह सहा मुलांची शिकवणी घ्या म्हणाले, प्रत्येकी महिना ८०० रुपये. दुसरी, स्टाफरूममध्ये तुला सांगतात की सगळेच घेतात, फक्त पाटी बायकोच्या नावाची असते. तिसरी, नववीतल्या एका हुशार मुलीला तू मधल्या सुट्टीत जादा गणितं देतोस, त्यावरून कुणीतरी ‘सरांची लाडकी’ म्हणालं आणि ते तुला लागलं. माझ्या मते या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे. पण आधी पैशाचं बोलतो, कारण तुझी झोप त्यानं गेलीय. हुशार मुलीनं नव्हे.

सहा गुणिले आठशे, ४,८०० रुपये. तू माध्यमिकचा शिक्षण सेवक, मानधन १८,००० रुपये. जानेवारी २०२३ च्या आधी हेच मानधन ८,००० होतं, म्हणजे तुझ्या आधीच्या बॅचनं काय दिवस काढले असतील ते बघ. तुझ्या मानधनाच्या पाव हिश्शाहून जास्त रक्कम रोज दीड तासात मिळतेय. वडिलांची औषधं आहेत, खोलीचं भाडं आहे. हे पैसे लागतच नाहीत असा आव तू आणू नकोस, मीही आणणार नाही. तत्त्वाच्या गप्पा मारणाऱ्या बऱ्याच लोकांना पंधरा तारखेनंतर खिशात काय उरतं हे माहीत नसतं.

आता कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८. एका ओळीचं आहे. कोणत्याही शिक्षकानं खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापनाचं काम करू नये. ओळ छोटी असली तरी आपले लोक ती अर्धीच वाचतात. निम्म्या शिक्षकांना वाटतं की ‘आपल्या वर्गातल्या मुलांची’ शिकवणी घ्यायची नाही, बाहेरच्यांची चालते. कलमात तसं नाही. मुलं कुणाची आहेत हे त्यात विचारलेलंच नाही. मनाई शिकवणीला आहे.

दुसरी पळवाट तुझ्या मेसेजमध्येच दिसली: हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीसाठी, ही सहा मुलं दहावीची. अक्षरशः वाचलं तर मुद्द्यात थोडा दम आहे. पण तू आठवी ‘ब’ ला गणित शिकवतोस ना? मग त्या कायद्यातला शिक्षक तू आहेसच, आणि मनाई शिक्षकाला आहे. शिवाय तुझ्या नेमणूकपत्रात पूर्ण वेळ सेवेबद्दल आणि अन्य अर्थार्जनाबद्दल काय अट आहे ती वाच. खासगी शाळांची १९८१ ची सेवाशर्ती नियमावलीही चाळ. नेमणूकपत्र कुठे ठेवलंय हे आठवत नसेल तर आज शोध. सेवकाची तीन वर्षं पूर्ण होऊन तू कायम होताना कुणाला तुला अडवायचं असेल तर तो नेमका हाच कागद काढेल. आणि तो काढणारा माणूस आज तुला शिकवणी घ्यायला सांगणाराच असू शकतो. असं झालेलं मी दोनदा पाहिलंय.

पण कायद्यानं मनाई आहे म्हणून घेऊ नकोस एवढंच सांगायचं असतं तर मी फोन केला असता. मनाई असतानाही घेतल्या जातातच. शिकवणी घेतली की वर्गात काय होतं ते मला सांगायचंय, कारण ते माझ्या हातून झालंय.

१९९२ ची गोष्ट. माझी नोकरीची पाच वर्षं झालेली, घरात बहिणीचं लग्न ठरलेलं. दहावी ‘अ’ मध्ये ५४ मुलं. त्यातली २२ मुलं संध्याकाळी साडेसहाला माझ्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर यायची. महिना ६० रुपये. मी वाईट शिकवत होतो असं नाही. वर्गातही मन लावून शिकवायचो, आणि गच्चीवर तर अगदी जीव ओतून. एके दिवशी वर्गात वर्गसमीकरणांची शाब्दिक उदाहरणं चालली होती. वडील आणि मुलाच्या वयाचं एक उदाहरण घेतलं, मांडणी केली, तास संपायला सात-आठ मिनिटं होती. फळ्यावर समीकरण तयार होतं, फक्त सोडवायचं राहिलं होतं. मी खडू ठेवला आणि म्हणालो, “पुढचं संध्याकाळी बघू.”

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील बाजार समितीत हमाल होते. तिनं अगदी सरळपणे विचारलं, “सर, संध्याकाळी म्हणजे कुठे?”

वर्गात दोघं-तिघं हसले. हसणारे गच्चीवरचे होते. तिला खरोखर माहीत नव्हतं. तिला वाटलं शाळेत जादा तास ठेवलाय आणि आपल्याला कळलं नाही. मी काहीतरी पुटपुटलो, खडू पुन्हा उचलला आणि उदाहरण पुरं केलं. त्या रात्री मात्र मी आठवायला बसलो की गेल्या चार महिन्यांत ‘पुढचं संध्याकाळी’ हे मी किती वेळा म्हणालो असेन. आकडा आठवेना, पण वाक्य इतकं सवयीनं तोंडातून आलं होतं की ती पहिली वेळ नक्कीच नव्हती.

यात लबाडी नव्हती. मी ठरवून वर्गात कमी शिकवत नव्हतो. पण कठीण भागाला एक दुसरी, निवांत जागा तयार झाली होती आणि मन आपोआप तिकडे झुकत होतं. खूप वर्षांनी सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा नेपाळमधल्या शाळांवरचा २०१४ चा अभ्यास माझ्या वाचनात आला. शाळेतलेच शिक्षक आपल्याच विद्यार्थ्यांना पैसे घेऊन शिकवणी देतात तिथे शाळेच्या वेळेत अभ्यासक्रम कमी शिकवला जातो, असं त्यांना दिसलं. मार बसतो तो शिकवणीला न येऊ शकणाऱ्या मुलाला. माझ्या गच्चीवर तेच चाललं होतं, फक्त त्याला नाव नव्हतं.

पुढचा भाग जास्त लाजिरवाणा आहे, पण तुझ्या उपयोगाचा आहे.

सहामाहीचा बीजगणिताचा पेपर मीच काढायचो. रविवारी दुपारी पेपर काढला, सोमवारपासून गच्चीवर उजळणी. पेपर मी कुणाला दाखवला नाही, प्रश्न सांगितले नाहीत. पण रविवारी ज्या डोक्यातून उदाहरणं निघाली तेच डोकं सोमवारी गच्चीवर होतं. नंतर पेपर आणि मुलांच्या वह्या शेजारी ठेवून पाहिलं तर पेपरातली जवळपास एक तृतीयांश गुणांची उदाहरणं त्या आठवड्यात गच्चीवर होऊन गेली होती. आकडे बदललेले, साचा तोच. सहामाहीत गच्चीवरच्या मुलांचे गुण छान वाढले. पालक खूश झाले, आणखी चार मुलं आली.

मग जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. तिचे पेपर तालुक्यातून एकत्र काढले जायचे, मी काढलेले नसायचे. निकालपत्रक भरताना माझ्या लक्षात आलं की गच्चीवरची बरीच मुलं घसरलीत आणि बाकीची साधारण होती तिथेच आहेत. मी एका कागदावर दोन रकाने केले, सहामाहीचे गुण आणि पूर्वपरीक्षेचे गुण, आणि प्रत्येक मुलापुढे फरक लिहिला. २२ मुलांचा सरासरी फरक उणे नऊ. बाकी ३२ जणांचा उणे एक.

हा कागद तूही करू शकतोस, शिकवणी घेत नसलास तरी. स्वतः काढलेल्या पेपरचे गुण आणि बाहेरच्या पेपरचे गुण, दोन्ही एकाच मुलासमोर मांडायचे. सगळा वर्ग सारखाच घसरला असेल तर तुझा पेपर सोपा होता, एवढाच अर्थ. पण ठराविक मुलंच घसरली असतील, आणि ती तुझ्या जवळची असतील, तर माया किंवा पैसा तुझ्या लाल पेनापर्यंत पोचलाय. दोन-चार मुलांवरून निष्कर्ष काढू नकोस. एखादं पोर परीक्षेच्या दिवशी तापानं फणफणलेलं असतं. पंधरा-वीस मुलांत तोच कल दिसला तर मात्र तो योगायोग नसतो.

त्या काळी सगळं लेखी होतं. आता दहावीच्या गणितात १०० पैकी २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे तुझ्या हातातले. बहुपर्यायी चाचणीत फारसं इकडेतिकडे करता येत नाही, पर्याय बरोबर किंवा चूक. पण गृहपाठाच्या गुणांवर कुणाचं लक्ष नसतं, आणि सगळी सैल माया तिथेच जाते. हातातले गुण किती जड असतात ते आठव. २०१९ च्या दहावीला भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. २०२० ला अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. अभ्यासक्रमही तेव्हा बदलला होता आणि २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्यामुळे सगळा फरक त्या वीस गुणांच्या माथी मारू नये. पण शाळांच्या हातात किती वजन आहे ते सगळ्या महाराष्ट्रानं त्या वर्षी पाहिलं.

आता सांग, मेहुण्यांच्या मुलाचे ८०० रुपये दर महिन्याच्या पाच तारखेला घेतल्यावर त्याच्या गृहपाठाला तू किती गुण देशील? तू प्रामाणिक आहेस हे मी जाणतो. कदाचित उलटंही होईल, बोल लागू नये म्हणून तू त्याला मुद्दाम कमी देशील. तोही अन्यायच. पैसे घेतल्यानंतर त्या मुलाला तुझ्या हातून सरळ गुण मिळण्याची सोयच उरत नाही. आणि समजा तू अगदी बरोबर गुण दिलेस, तरी तिसऱ्या बाकावरच्या पोरीला ते बरोबर आहेत हे कशावरून कळावं?

स्टाफरूममधल्या पळवाटांबद्दल थोडक्यात. बायकोच्या नावाची पाटी: शिकवणारा तू असशील तर पाटीनं काही बदलत नाही. बायको खरंच शिक्षिका असेल आणि स्वतः शिकवत असेल तर तो तिचा व्यवसाय, पण तुझ्या वर्गातलं मूल तिच्याकडे नको. अदलाबदल म्हणजे माझी मुलं तुझ्याकडे, तुझी माझ्याकडे: यात गुण आणि पैसा वेगळे झाल्यासारखे दिसतात, पण दोघंही एकमेकांच्या गिऱ्हाइकांना दुखावणार नाहीत. आणि खासगी क्लासवाला एप्रिलमध्ये पेढ्यांचा पुडा घेऊन येईल, दहावीच्या मुलांचे फोन नंबर मागेल आणि प्रवेशामागे काहीतरी देऊ करेल. पुडा स्टाफरूममध्ये फोडा, सगळ्यांनी खा. नंबर देऊ नकोस. ते पालकांनी शाळेला दिलेले आहेत, तुला नाही.

आता त्या हुशार मुलीकडे येतो, कारण इथे तू स्वतःवर उगाच रागावलायस आणि थोडासा योग्य कारणानंही रागावलायस.

जादा शिकवणं म्हणजे पक्षपात नव्हे. कलम २८ च्या थोडं आधी कलम २४ आहे, त्यात शिक्षकाची कर्तव्यं दिलीत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता बघून गरज असेल तर त्याला पूरक शिक्षण द्यावं, हे त्यातलं एक. म्हणजे कायदा एका हातानं जादा पैसे थांबवतो आणि दुसऱ्या हातानं जादा शिकवणं अंगावर टाकतो. गंमत अशी की आपल्याकडे बरोबर उलटं रूढ झालंय. जादा तास म्हटला की लोक फी विचारतात.

मग चूक कुठे? तू कुणाला जादा देतोस ते कसं ठरतं, तिथे. ती मुलगी पुढे बसते, प्रश्न विचारते, तिच्याशी बोलताना तुला आनंद होतो. शिक्षकाला तो आनंद हवाच असतो, त्याबद्दल मी तुला दोष देणार नाही. पण मागच्या बाकावर तिच्याइतकंच डोकं असलेला आणि तोंड न उघडणारा एखादा बसला असेल तर तो तुझ्या नजरेत कधी येणार?

मी पन्नाशीला आल्यावर हा प्रयोग केला, आधी करायला हवा होता. नववीच्या एका वर्गाची बैठकव्यवस्था कागदावर काढली आणि पंधरा दिवस, ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात तासानंतर एक टिंब. कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी बघतो तर ५२ पैकी ११ मुलांच्या चौकोनांत दोन तृतीयांश टिंबं. १९ चौकोन कोरे. त्या १९ मधली सात मुलं एकाच वाडीवरची होती आणि एकत्र मागे बसायची. मला त्यातल्या दोघांची नावं हजेरीपट बघितल्याशिवाय सांगता आली नाहीत. मी स्वतःला फार समदर्शी समजायचो, बरं का.

पुढे काय केलं ते साधं आहे. दर तासाला कोऱ्या चौकोनातल्या तिघांना प्रश्न विचारायचे, पण असे की सुरुवात तरी करता येईल. पहिल्याच दिवशी ‘सिद्ध करा’ विचारून त्यांना उभं ठेवलं तर ते टिंब म्हणजे शिक्षा होते. पहिला आठवडा सगळे माना खाली घालून बसले. दुसऱ्या आठवड्यात एकानं प्रमेयाच्या आकृतीतली माझीच चूक दाखवली.

वह्या तपासण्याबाबतही एक सांगतो. रेमा हॅना आणि ली लिंडेन या दोघांनी भारतात केलेला एक प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची परीक्षा घेतली, उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर वय, लिंग आणि जात चिठ्ठी टाकल्यासारखी वाटून लिहिली आणि शिक्षकांना तपासायला दिल्या. म्हणजे पृष्ठावर लिहिलेल्या जातीचा आतल्या उत्तरांशी काही संबंध नव्हता. तरी खालची जात लिहिलेल्या पेपरांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. त्यातली मला अस्वस्थ करून गेलेली गोष्ट वेगळी. कमी गुण देण्याचा हा कल वरच्या जातीतल्या शिक्षकांत दिसला नाही, खालच्या मानलेल्या जातींतल्या शिक्षकांत दिसला. तेव्हा ‘मी त्यांच्यातलाच आहे, माझ्या हातून असं होणार नाही’ हे कुणीच म्हणू नये. मी म्हणायचो.

यावर उपाय फुकट आहे. पेपर तपासताना पहिलं पान मागे दुमडायचं. एका मुलाचा पूर्ण पेपर संपवायचा नाही. सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा उलटा करून सगळ्यांचा दुसरा. त्यामुळे एखाद्याचं पहिलं उत्तर सुरेख आलं म्हणून पुढच्या चुकांकडे डोळेझाक होत नाही, आणि थकल्यावरचा तुझा चिडकेपणाही सगळ्यांत वाटला जातो. वेळ थोडा जास्त लागतो. महिनाभरात तुला अक्षरं ओळखू येऊ लागतील, तेव्हा झाकलेल्या नावाचा फायदा कमी होईल, पण प्रश्नवार तपासण्याचा राहील. गृहपाठाचे गुण कशाचे ते वर्षाच्या सुरुवातीलाच वर्गात सांग: इतके पूर्ण केल्याचे, इतके पायऱ्या दाखवल्याचे, इतके चूक दुरुस्त करून आणल्याचे. मग मेहुण्यांनी विचारलं तरी वही उघडून दाखवता येते. पुढे कधी तुझं किंवा भावाचं मूल तुझ्याच वर्गात आलं तर त्याचे पेपर दुसऱ्या गणित शिक्षकाला दे, आणि मुख्याध्यापकांना जूनमध्येच सांगून ठेव. त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

आता मेहुण्यांना काय सांगायचं. ‘तत्त्वात बसत नाही’ असं म्हणू नकोस, त्यांना तो अपमान वाटेल आणि तो संचालकांपर्यंत जाईल. ‘वेळ नाही’ असंही म्हणू नकोस, ते वेळ बदलून देतील. मी असतो तर म्हटलं असतं, “दादा, मी ज्यांना गुण देतो त्यांच्याकडून मला पैसे घेता येत नाहीत, नियम आहे, आणि सेवकाच्या काळात तर माझी नोकरीच जाईल. पण मुलाला कुठे अडतंय ते मला ठाऊक आहे. त्याला भूमितीच्या रचना जमतात, बीजगणितात चिन्हं चुकतात. शाळेतच जादा तास ठेवतोय, सगळ्यांसाठी आहे, त्याला पाठवा.” पालकाला आपल्या मुलाची नेमकी अडचण सरांना माहीत आहे हे कळलं की त्याचा निम्मा हट्ट जातो. उरलेला निम्मा प्रतिष्ठेचा असतो, त्याला इलाज नाही.

त्यांना भेटायच्या आधी मुख्याध्यापकांना चार ओळींचा अर्ज दे. दहावीसाठी विनामूल्य जादा तास, वार, वेळ, खोली, सर्व विद्यार्थ्यांसाठी खुला. आवक क्रमांक टाकून पोच घे. आधी अर्ज, मग भेट. उलटं केलंस तर मेहुण्यांना टाळायला तास काढला असं दिसेल. तासाची सूचना फलकावर लाव आणि कोण आलं त्याची वही ठेव. रोज तास घ्यायच्या फंदात पडू नकोस, दोन महिन्यांत दमशील आणि मग तुलाच त्या मुलांचा राग येईल. आठवड्यातून दोनदा पुष्कळ झालं.

त्या मुलीला मधल्या सुट्टीत एकटीला देतोस ती गणितं आता वर्गाच्या मागच्या भिंतीवर लाव, सोमवारी एक, ज्याला हवं तो सोडवेल. ती सोडवेलच. आणखी कोण सोडवतं ते बघायची मला उत्सुकता आहे, कळव.

४,८०० रुपयांचं काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही. बोर्डाचे पेपर तपासण्याचं मानधन मिळतं, पण ते वर्षातून एकदा आणि थोडंसं. सेवकाची उरलेली दीड वर्षं ओढाताणीचीच जातील. वडिलांच्या औषधांचं बिल मला पाठव, त्यावर आपण वेगळं बोलू. त्यात लाजायचं कारण नाही, मी तुझ्या वर्गातला विद्यार्थी नाही.

एक राहिलं. जादा तासाची वेळ ठरवायच्या आधी एसटीची वेळ विचार. गच्ची बंद केल्यावर मीही शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर फुकट जादा तास सुरू केला होता, आणि महिनाभर स्वतःवर खूश होतो. मग हजेरीची वही बघितली. सगळी मुलं गावातली. वाडीवरच्यांची गाडी बाराला होती, नंतरची थेट साडेचारला. माझा तास साडेअकरा ते साडेबारा. पैसे घेत होतो तेव्हा जी मुलं बाहेर राहायची, जवळजवळ तीच फुकटच्या तासालाही बाहेर होती. तास सोमवार-गुरुवारी शाळा भरायच्या आधी घेतला तेव्हा कुठे ती आली. सकाळची गाडी तशीही त्यांना पाऊण तास आधी आणून सोडायची आणि ती व्हरांड्यात नुसती बसलेली असायची. हे मला शिपायानं सांगितलं, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तुझ्या शाळेत आठवीपासूनची किती मुलं गाडीनं येतात आणि ती गाडी किती वाजता पोचते, एवढं उद्या शिपायाला विचार.

तुझा,
सर